काका, फाइल आहे कुठे?

सकाळचे अकरा वाजलेले असतात. तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाचसहा माणसं उभी असतात आणि त्यातल्या एकाच्या हातात फोन असतो. बँकेने केवायसीसाठी आधारची प्रत मागितलेली. पुण्यातल्या मुलीने सकाळीच ती काढून व्हॉट्सॲपवर धाडलेली. "बाबा, पाठवलंय, फक्त प्रिंट काढा," एवढंच ती म्हणालेली. काका फाइलीवर बोट ठेवतात, तर पडद्यावर भलतंच ॲप उघडतं, आधी जाहिरात दाखवतं आणि मग पासवर्ड मागतं. पासवर्ड घातला तर चुकतो. कंटाळून ते फोन दुकानदारापुढे धरतात. दुकानदार फोन केबलने संगणकाला जोडतो, डाउनलोडचा फोल्डर उघडतो, वरून खाली पाहतो आणि विचारतो, "काका, फाइल आहे कुठे?"

हा प्रसंग कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघायला मिळतो. काकांना वाटतं, आपल्याला फोन जमत नाही. खरं तर एकाच फाइलीत तीन निरनिराळ्या अडचणी एकापाठोपाठ आलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. फाइल चुकीच्या ॲपमध्ये उघडणं वेगळं, फाइलीला कुलूप असणं वेगळं आणि फाइल कुठे ठेवली गेली ते न कळणं वेगळं. तिन्ही एकत्र समोर आल्या की सगळं मिळून "उघडत नाही" असं एकच वाक्य तयार होतं. दुकानदारही ते वाक्य ऐकतो आणि "परत पाठवायला सांगा" म्हणतो. परत पाठवलेली फाइल अर्थातच पहिल्याच जागी जाते, त्याच ॲपमध्ये उघडते आणि तोच पासवर्ड मागते.

पहिली गोष्ट चुकीच्या ॲपची. फाइलीच्या आत काय आहे हे फोन सहसा वाचून पाहत नाही. तो तिच्यावरची चिठ्ठी पाहतो. ही चिठ्ठी ईमेलच्या काळातली. सुरुवातीला ईमेलमधून साधी अक्षरं तेवढी जायची. चित्र किंवा आवाज पाठवायची सर्वांना चालेल अशी रीत नव्हती. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत मांडली. त्याच वर्षी मार्चमध्ये बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचा आवाज ईमेलला जोडून पाठवला. या पद्धतीत प्रत्येक जोडलेल्या फाइलीसोबत ती कोणत्या जातीची आहे हे लिहिलेलं असतं. पीडीएफ असेल तर `application/pdf`, जेपीजी फोटो असेल तर `image/jpeg`. आज फोनवर फाइलीला बोट लावलं की अँड्रॉइड हीच चिठ्ठी हातात घेऊन सगळ्या ॲपना विचारतं, की ही जात कोण उघडणार?

एकाहून अधिक ॲप पुढे आली तर फोन यादी दाखवतो आणि खाली दोन पर्याय देतो: `Just once` आणि `Always`. घाईत बोट `Always` वर पडलं की तो कायमचा हुकूम होतो. पुढे येणारी प्रत्येक पीडीएफ त्याच ॲपकडे जाते. काकांच्या फोनवर कधीतरी कोणी एक फुकटचं डॉक्युमेंट रीडर घातलेलं असतं. ते पीडीएफ दाखवतं, पण आधी जाहिरात लावतं. गंमत म्हणजे ते ॲप कोणी घातलं हे घरात कोणालाच आठवत नसतं.

हा हुकूम मागे घेता येतो, पण तो जिथे दिला तिथे नाही. फाइल उघडताना यादी आता दिसतच नाही, त्यामुळे माणूस तिथेच अडतो. त्या रीडरच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, वर येणाऱ्या `i` या खुणेवर जायचं आणि `Open by default` किंवा `Set as default` असं लिहिलेली ओळ शोधायची. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. आत `Clear defaults` किंवा तशाच अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की पुढच्या वेळी फोन पुन्हा यादी दाखवतो. या वेळी नेहमीचं, ओळखीचं ॲप निवडून `Just once` वर थांबलेलं बरं. नको असलेलं रीडर काढूनच टाकलं तर त्याचा हुकूम आपोआप संपतो.

चिठ्ठीच चुकीची असली तर मात्र ॲप बदलून भागत नाही. पाठवणाऱ्याच्या यंत्रणेला फाइलीची जात कळली नाही, तर ती `application/octet-stream` असं लिहून मोकळी होते. त्याचा अर्थ एवढाच, की हे काहीतरी आहे. अशा फाइलीच्या नावाला शेवटी `.pdf` हे शेपूटही नसेल, तर फोन सांगतो की ही उघडणारं ॲप सापडलं नाही. मग लोक प्ले स्टोअरवर जाऊन आणखी एक ओपनर उतरवतात आणि वरच्या जाहिरातींची सोय होते. त्याआधी एक सोपी गोष्ट करून पाहावी: फाइल मॅनेजरमध्ये त्या फाइलीवर बोट दाबून धरून `Rename` निवडायचं आणि नावाच्या शेवटी `.pdf` जोडायचं. आत खरोखर पीडीएफ असेल तर ती लगेच उघडते. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. फोटोला `.pdf` नाव दिलं म्हणून तो पीडीएफ होत नाही. तो फोटोच राहतो आणि उलट कशातच उघडेनासा होतो.

याचीच दुसरी बाजू फार लोकांना फसवते. सरकारी किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दाखला उतरवला, नाव अगदी बरोबर, शेवटी `.pdf` सुद्धा आहे, पण फोन म्हणतो फाइल बिघडलेली आहे. अशा वेळी आधी फाइलीचा आकार पाहावा. फाइल मॅनेजरमध्ये नावाखालीच तो लिहिलेला असतो. सहीशिक्क्याचा दाखला साधारणपणे शेकडो केबींचा असतो. इथे २ किंवा ३ केबी दिसत असतील तर दाखला उतरलेलाच नाही. बहुधा मधल्या वेळात लॉगिन संपलेलं असतं, संकेतस्थळाने दाखल्याऐवजी "पुन्हा लॉगिन करा" असं सांगणारं पान पाठवलेलं असतं आणि ब्राउझरने ते पान दाखल्याच्या नावाने साठवलेलं असतं. खात्री करायची असेल तर ती फाइल साधा मजकूर दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडावी. खऱ्या पीडीएफची पहिली ओळ अशी असते:

```
%PDF-1.4
```

शेवटचा आकडा वेगळा असू शकतो. पण तिथे `<html` असं काही दिसलं, तर ते वेबपान आहे. अशी फाइल दहा जणांना पाठवली तरी दहा जणांकडे उघडणार नाही. पुन्हा लॉगिन करून दाखला नव्याने उतरवणं, एवढाच उपाय.

आणि एका शेपटाला बोटही लावू नये. ते म्हणजे `.apk`. हे कागदपत्र नसतं, अँड्रॉइडवर बसवायचं ॲप असतं. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, बँकेची सूचना अशा नावांनी व्हॉट्सॲपवर अशा फाइली फिरवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर झालेले आहेत. नाव लांब असलं की शेवटचं शेपूट पडद्यावर कापलं जातं आणि सुरुवातीची `Lagnapatrika` तेवढी दिसते. पत्रिका उघडताना फोन जर "अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू का" असं विचारत असेल, तर तिथेच थांबायचं. पत्रिका हा फोटो असेल किंवा पीडीएफ. ती पाहण्यासाठी काहीही बसवावं लागत नाही.

मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला ठाऊकही नसते. शाळेचं परिपत्रक किंवा सोसायटीची नोटीस वर्ड फाइल म्हणून येते. फाइल उघडते, ॲपही बरोबर असतं, आणि पडद्यावर `ejkBh` अशी अक्षरं दिसतात. फाइल करप्ट झाली असं वाटतं. ती अगदी धडधाकट असते. ती कृतिदेवमध्ये टंकलेली असते, आणि त्या फाँटमध्ये `ejkBh` म्हणजे ‘मराठी’. युनिकोड रुळण्याआधीच्या अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असायचे: `e` च्या जागी म, `j` च्या जागी र, `k` च्या जागी काना. फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरंच. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथे मराठी दिसतं. फोनवर तो नसतो, म्हणून तिथे मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेल्या मजकुराचं साधारण असंच होतं, फक्त अक्षरं वेगळी दिसतात.

इथे दहा ॲप बदलून उपयोग नाही. पाठवणाऱ्याला "वर्ड नको, पीडीएफ करून पाठवा" असं सांगावं. पीडीएफ करताना फाँटचे आकार सहसा फाइलीतच भरले जातात, त्यामुळे फोनवर फाँट असो वा नसो, मराठी मराठीच दिसते. अनेक कार्यालयांत आजही जुन्या फाँटमध्ये टंकन चालतं. परिपत्रक काढणाऱ्याने ते आपल्या फोनवर एकदा उघडून पाहिलं, तर शेकडो पालकांचा त्रास वाचेल. ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता काकांच्या पासवर्डकडे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला नेहमीच कुलूप असतं. किल्लीचा नियम ठरलेला आहे: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, सगळी मोठ्या लिपीत, आणि लगेच पुढे जन्माचं वर्ष. सुरेश कुमार, जन्म १९९०, तर `SURE1990`. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच घ्यायची: `RIA1990`.

नियम सोपा, तरी किल्ली लागत नाही. कारण तो नियम आधारवरच्या नावाला लागू होतो, आपण लिहितो त्या नावाला नाही. समजा काकांचं नाव विठ्ठल आहे आणि जन्म १९५८ चा. ते `VITT1958` घालतात. पण नोंदणी करणाऱ्याने स्पेलिंग `Vithal` केलेलं असतं, म्हणून किल्ली `VITH1958` अशी होते. त्या पिढीतल्या अनेकांच्या बाबतीत वर्षही बदलतं: घरात सांगतात ते एक आणि आधारवर छापलेलं दुसरं. म्हणून आठवणीवर विसंबू नये, जुनं कार्ड समोर ठेवून त्यावर असेल तसंच टंकावं.

त्याहून बारीक चूक कीबोर्ड करतो. मराठी कीबोर्ड चालू असेल तर वर्ष `१९५८` असं पडू शकतं. डोळ्यांना ते बरोबर दिसतं, फाइलीच्या लेखी ती वेगळी चिन्हं असतात. पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला असल्याने ही चूक दिसतही नाही. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला तर त्यामागे एक रिकामी जागा पडते, तीही दिसत नाही. अशा वेळी पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून टंकलेलं उघडं करून पाहावं. तो नसेल तर कीबोर्ड इंग्रजी करून एकेक कळ सावकाश दाबावी.

कुलूप उघडलं, तरी दुकानदाराचा प्रश्न उरतोच. फाइल आहे कुठे?

"उघडणं" आणि "साठवणं" या फोनवर दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि इथेच घोटाळा होतो. जीमेलमध्ये फाइलीवर बोट ठेवलं की ती दिसते, पण ती तात्पुरती आणलेली प्रत असते. बाजूची खाली जाणाऱ्या बाणाची खूण दाबल्याशिवाय ती `Download` फोल्डरमध्ये येत नाही. व्हॉट्सॲपचं उलटं आहे. तिथे बोट लावलं की फाइल फोनवर खरोखर उतरते, पण `Download` मध्ये नाही, व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या कप्प्यात. पूर्वी हा कप्पा फोनच्या साठ्यात अगदी वर, `WhatsApp` या नावानेच दिसायचा आणि दुकानदारांना तो पाठ होता. अँड्रॉइड ११ पासून गुगलने ॲपना साठ्यात हवं तिथे फोल्डर करायची मोकळीक काढून घेतली. एका ॲपने दुसऱ्याच्या फाइली चाळू नयेत, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे व्हॉट्सॲपचा कप्पा खूप आत गेला. आता पत्ता असा आहे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

दुकानातला फोन व्हॉट्सॲप बिझनेसचा असेल तर मधला शब्द `com.whatsapp.w4b` असा असतो आणि त्यापुढे `WhatsApp` च्या जागी `WhatsApp Business` येतं. आपण स्वतः इतरांना पाठवलेली कागदपत्रं याच फोल्डरच्या आत `Sent` मध्ये सापडतात. फाइलीचं नावही कधी कधी बदललेलं असतं: `DOC-20250612-WA0004.pdf` असं, म्हणजे १२ जून २०२५ ला आलेलं त्या दिवसाचं एक कागदपत्र. तारीख उलटी लिहिलेली असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. एवढं कळलं तरी ढिगातून आपली फाइल वेगळी काढता येते.

हा पत्ता पाठ करण्याची मात्र गरज नाही. चॅटमध्ये वर मुलीच्या नावावर बोट ठेवलं की खाली `Media, links and docs` अशी ओळ येते. तिच्यातल्या `Docs` मध्ये तिने आजवर पाठवलेले सगळे कागद रांगेने लागलेले असतात. दुसरी वाट फाइल मॅनेजरची. त्यात `Documents` असा वर्ग असतो. तो फोल्डरांनुसार न दाखवता सगळीकडची कागदपत्रं एकत्र दाखवतो. तिथे तारखेनुसार लावून घेतलं की आज आलेली फाइल सगळ्यात वर येते. मग ती निवडून `Copy` करायची आणि `Download` मध्ये ठेवायची. केबल लावणाऱ्या दुकानदारालाही ती तिथे लगेच सापडते, आणि ऑनलाइन अर्ज भरताना फाइल निवडायची वेळ आली की तीच जागा सर्वात सोपी पडते.

फोटोंचं थोडं निराळं आहे. गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर दिसतो, पण गॅलरीत नाही, अशी तक्रार नेहमीची. त्याचं कारण अनेकदा एक रिकामी फाइल असते. तिचं नाव `.nomedia`. ती ज्या फोल्डरमध्ये असेल तो गॅलरीने पाहू नये असा अँड्रॉइडचा संकेत आहे, आणि नावापुढे टिंब असल्याने ती स्वतःही सहसा दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, `Chats` खाली, `Media visibility` बंद असेल तर असंच होतं. ते चालू केलं की पुढचे फोटो गॅलरीत येऊ लागतात. जुन्यांसाठी फोटो व्हॉट्सॲपमध्ये उघडून, तीन टिंबांतून गॅलरीत जतन करायचा पर्याय घ्यावा.

आयफोनवर तर हे फोल्डर दिसतच नाहीत. तिथे फाइल उघडून, वर जाणाऱ्या बाणाच्या चौकोनावर बोट ठेवून `Save to Files` निवडायचं आणि `On My iPhone` किंवा आयक्लाउड यातली जागा आपण ठरवायची. इथे न ठरवता पुढे गेलं की मागच्या वेळची जागा तशीच घेतली जाते, आणि शोधाशोध सुरू होते.

एक गोष्ट फाइल सापडली तरी बिघडवते. जागा भरली म्हणून फोनची साफसफाई करताना कोणी `WhatsApp Documents` मधले कागद पुसून टाकतं. चॅटमध्ये फाइलीचं नाव तसंच राहतं, पण बोट लावलं की ती फाइल फोनवर नाही असा संदेश येतो. कागद व्हॉट्सॲपकडे कायमचा ठेवलेला नसतो. जुना झाला की तो तिथूनही पुन्हा उतरत नाही. तेव्हा मात्र "परत पाठव" हेच खरं उत्तर असतं. दाखले, पावत्या, सातबारा असे कागद आले त्याच दिवशी `Download` मध्ये किंवा त्यासाठी केलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, तर ही वेळ येत नाही.

दुकानात परत येऊ. दुकानदार केबल काढतो, फोन काकांच्या हातात देतो आणि चॅटमधल्या मुलीच्या नावावर बोट ठेवायला सांगतो. `Docs` मध्ये सगळ्यात वर `EAadhaar` ने सुरू होणारं नाव आहे. जुनं, कडा झिजलेलं कार्ड काका पाकिटातून काढतात. "काका, ही स्पेलिंग बघा, टी एकच आहे." `VITH1958`. पान उघडतं. ही फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली असती तर ती दुकानदाराच्या कप्प्यात पडून राहिली असती, म्हणून तो ती `Download` मध्ये कॉपी करतो, केबलने प्रिंटरला देतो आणि संगणकावर राहिलेली प्रत काकांसमोरच पुसतो. पुढच्या वेळी मुलीला मास्क्ड आधार काढायला सांगा, असंही तो सुचवतो. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात, पण चालेल का ते बँकेला आधी विचारा. काका ते जुन्या कार्डाच्या मागे, पेन्सिलीने, पासवर्डच्या खाली लिहू लागतात. दुकानदार त्यांचा हात धरतो आणि पासवर्ड तेवढा खोडायला लावतो.